‘उशीर’ म्हटलं आणि आई थांबून राहिली

पालघर जिल्ह्यातील एका पाड्यावर मी एका अडीच वर्षांच्या मुलाला पाहिले. हाक मारली तरी तो वळत नव्हता, बोट दाखवून काही मागत नव्हता, एकही शब्द बोलत नव्हता. मी त्याच्या आईला म्हणालो, “ताई, याच्या विकासात विलंब आहे. म्हणजे थोडा उशीर आहे.” आजी लगेच म्हणाली, “याचा बापही उशिराच बोलला.” ते कुटुंब निर्धास्तपणे वीटभट्टीवर गेले आणि सहा महिने वाया गेले. चूक माझ्या शब्दाची होती. उशिरा सुटलेली एसटी शेवटी येतेच, असेच ‘उशीर’ ऐकणाऱ्याला वाटते.

विकासातील विलंब हे आज जे दिसते त्याचे नाव आहे. त्यात कारण सांगितलेले नसते. काही मुले पुढे बरोबरी गाठतात, काही गाठत नाहीत. कोणते मूल गाठेल हे आधी कळत नाही, म्हणूनच थांबायचे नसते. आता मी असे सांगतो: “या वयाची मुले दोन शब्द जोडून बोलतात. हा अजून बोलत नाही. पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही, पण तपासणी याच महिन्यात करू.”

‘स्वमग्नता’ या शब्दाने दुसरा घोटाळा होतो. मूल हट्टी आहे, त्याला आपली माया नाही, असे आईबापांना वाटते. मी सांगतो, “याच्या मेंदूची घडण वेगळी आहे. आवाज, नजर, बोलणे यांचा अर्थ तो वेगळ्या रीतीने लावतो.” हे नाव मात्र आपण कार्यकर्त्यांनी द्यायचे नाही. ते रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. डॉक्टर मुलाचा खेळ पाहून आणि पालकांना विचारून ठरवतात. त्याआधी कानांची तपासणी हवी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही.

ती आई परतल्यावर हळूच म्हणाली, “ग्रहणात मी भाजी चिरली होती.” मी म्हणालो, “ताई, त्याने असे होत नाही. तुमच्या हातून काहीही चुकलेले नाही.” म्हणूनच घरात शिरताच ‘गरोदरपणी काय केले?’ असे विचारू नये. ‘त्याला काय आवडते?’ असे विचारावे. मतिमंद, वेडा, मुका हे शब्द टाळून मुलाला नावाने हाक मारावी.

अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने त्याला पुढे पाठवले. कान ठीक निघाले. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली. आता भट्टीवर जाताना आई तपासणीचा कागद सोबत नेते. पाणी देण्याआधी ती पेला त्याच्यासमोर धरते, “पाणी” म्हणते आणि थांबते. परवा त्याने पहिल्यांदाच पेल्याकडे बोट दाखवले.