४० पॉइंटची टीम, २२ पॉइंटची टीम

प्रश्न: माझ्याकडे दोन टीम आहेत. एकीची व्हेलॉसिटी दर स्प्रिंटला ४०, दुसरीची २२. दुसरी मागे पडतेय का?

उत्तर: या आकड्यांवरून तसं म्हणता येणार नाही. स्टोरी पॉइंटचं माप प्रत्येक टीम स्वतःपुरतं ठरवते. लॉगिन पानावरचा तोच बदल एक टीम ५ पॉइंटांचा धरते, दुसरी २ चा. ४० शेर आणि २२ पायल्या शेजारी ठेवून जास्त कोणते, हे नुसत्या आकड्यांवरून कसं सांगणार? शिवाय तुलना होतेय हे कळताच अंदाज फुगतात. कालचं ३ चं काम आज ५ चं होतं आणि ग्राहकाच्या हाती पडतं तेवढंच.

त्याऐवजी दिवस मोजा: काम हाती घेतल्यापासून ग्राहकापर्यंत पोचेपर्यंतचे. गेल्या तिमाहीत १०० पैकी ८५ कामं किती दिवसांत संपली, ते काढा. समजा, ४० वाल्या टीमला १६ दिवस लागले आणि २२ वालीला ९. मग ते १६ कुठे गेले ते शोधा; बऱ्याचदा काम कोड रिव्ह्यूच्या किंवा टेस्टिंगच्या रांगेत पडून असतं. दोष निघून परत आलेली कामंही मोजा, नाहीतर घाईत उरकलेलं काम वेगवान दिसेल. मात्र एखादी टीम जुनी, गुंतागुंतीची प्रणाली सांभाळत असेल, तर तिचे दिवस तिच्याच मागच्या तिमाहीशी ताडून पाहा.