कागदाची तंतुदिशा आणि मुखपृष्ठाची घडी

कागद चारही बाजूंनी सारखा दिसत असला, तरी तो सर्व दिशांनी सारखा वागत नाही. कागदाच्या यंत्रात पाणी मिसळलेला लगदा सरकत्या जाळीवर पडतो. जाळी ज्या दिशेने धावते, त्या दिशेला बहुतेक तंतू वळतात. या कलाला छापखान्यात ‘ग्रेन’ म्हणतात. येथे आपण त्यास ‘तंतुदिशा’ म्हणू.

घडी तंतुदिशेला समांतर असेल, तर ती तंतूंच्या मधून जाते व नीट बसते. घडी तंतूंना आडवी गेली, तर तंतू मोडतात, वरचा लेप तडकतो आणि छापील भागावर पांढरी रेघ उमटते. शिवाय मुखपृष्ठ मिटून राहत नाही. पातळ कागदात हा दोष खपून जातो. ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डात तो लपत नाही.

तंतुदिशा कशी ओळखावी?

तावाच्या लांब बाजूला समांतर अशी पेन्सिलीची रेघ मारून त्या भागाचा चौरस तुकडा कापावा. तो मोडू न देता आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने वाकवावा. ज्या बाजूने तो कमी जोरात वाकतो, त्या बाकाची रेषा तंतुदिशेला समांतर असते.

उदाहरण

एका माहितीपत्रिकेचे उघडे मुखपृष्ठ २९.७ × २१ सेंटीमीटरचे आहे. मधली घडी २१ सेंटीमीटरच्या बाजूला समांतर आहे. म्हणून तंतूही त्याच बाजूने हवेत. ताव २५ × ३६ इंचांचा, म्हणजे सुमारे ६३.५ × ९१.४ सेंटीमीटरचा असून तंतू लांब बाजूने आहेत. २१ सेंटीमीटरची बाजू तावाच्या लांबीवर ठेवल्यास लांबीत चार व रुंदीत दोन, असे आठ तुकडे निघतात. मांडणी फिरवल्यास तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ तुकडे निघतात. हजार प्रतींसाठी १२५ ऐवजी ११२ ताव पुरतात. मात्र या तेरा तावांच्या बचतीपायी हजारही घड्या तंतूंना आडव्या पडतात.

येथे खरा उपाय कागद मागवतानाच करावा लागतो. याच आकाराचा, पण आखूड बाजूने तंतू असलेला ताव मिळाला, तर तुकडे नऊच निघतात आणि घडीही तंतूंना समांतर राहते. म्हणून मागणीपत्रात आकार व जाडीबरोबर तंतुदिशाही लिहावी.

मर्यादा

तंतुदिशा योग्य असली तरी जाड कार्डाची घडी थेट घालू नये. आधी क्रीजिंग करून, म्हणजे घडीच्या जागी दाब देऊन, खाच पाडावी. दाबामुळे मागे आलेला उंचवटा घडीच्या आतल्या बाजूस राहील, अशी घडी घालावी.

स्वाध्याय

वरील माहितीपत्रिकेला पहिल्या घडीशी काटकोनात दुसरी घडी घालावयाची असल्यास कोणती घडी तंतूंना समांतर ठेवाल? सकारण लिहा.