नकार कळवताना

अकोल्याच्या एका महाविद्यालयात चर्चासत्राचं समन्वयकपद माझ्याकडे होतं. बीजभाषणासाठी ज्यांना बोलावलं, ते "बघू, जमवतो" म्हणाले आणि कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यावर त्यांनी फोनवर नकार दिला. जाताजाता एक नावही सांगितलं. त्या बाईंना मी फोन केला, तर त्यांना कशाची कल्पनाच नव्हती. आपल्याला ऐनवेळी जागा भरायला बोलावलं जातंय, हे त्यांना लागलं आणि त्यांनीही नकार दिला.

पुढे अमरावतीत आल्यावर अकोल्याहूनच मला एक निमंत्रण आलं. विषय होता महानुभाव हस्तलिखितांची सकळ लिपी. त्या दिवशी घरचं लग्न होतं. शिवाय माझा अभ्यास 'लीळाचरित्रा'च्या भाषेचा, सांकेतिक लिपीचा नाही. शहरातल्याच एक बाई या पोथ्या वाचतात. पत्र लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं, "तुमचं नाव सुचवू का?" तारीख, विषय आणि निमंत्रण आधी मला आलं होतं, हे सगळं सांगितलं. त्या हो म्हणाल्यावर त्याच संध्याकाळी पत्र गेलं:

"सप्रेम नमस्कार. आपल्या निमंत्रणाबद्दल मनापासून आभार. त्या दिवशी घरी लग्नकार्य असल्याने मला येता येणार नाही. सकळ लिपीतील पोथ्यांचे वाचन करणाऱ्या एक अभ्यासक अमरावतीत आहेत. या विषयावर त्यांचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे. त्यांची संमती घेऊन नाव व दूरध्वनी क्रमांक सोबत देत आहे. निवड अर्थातच आपली. 'लीळाचरित्रा'च्या भाषेवरील माझे टिपण उपयोगी पडणार असेल, तर आठवड्याभरात पाठवीन."

नकार आभारांच्या लगेच नंतर यावा. "प्रयत्न करतो" असं लिहिलं की समन्वयक ती जागा धरून ठेवतो आणि तोवर चांगले वक्ते दुसरीकडे शब्द देऊन बसतात. कारण एकच आणि खरं द्यावं. तीन कारणं दिली की एकही खरं वाटत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये रानड्यांच्या मराठी ग्रंथकार सभेचं निमंत्रण नाकारलं, ते मतभेद स्पष्ट सांगण्यासाठी. तिथे दुसरं नाव सुचवण्याचा प्रश्नच नव्हता. आपली अडचण मात्र तारखेची असेल, तर पत्रात नाराजीचा वास येऊ नये. विषय कसा मांडायला हवा होता, हे सांगण्याची ही जागा नाही.

"निवड आपली" हे वाक्य मी मुद्दाम घालतो. वक्त्यांची नावं बहुतेकदा प्राचार्यांपुढे ठेवावी लागतात, कधी अनुदानाच्या प्रस्तावातही गेलेली असतात. म्हणून सुचवलेल्या व्यक्तीलाही "ठरलं" असं सांगू नये, "तिकडून फोन येईल, न आल्यास मी कळवीन" इतकंच सांगावं. मानधनाचं आणि प्रवासखर्चाचं तर आपण बोलूच नये. ते त्या दोघांत ठरू द्यावं. चर्चासत्र अगदी तोंडावर असेल, तर आधी फोन करावा आणि पत्र मागून पाठवावं, कारण पत्रिका छापखान्यात असते.

आणि टिपण कबूल केलं असेल, तर ते सांगितलेल्या दिवशी पोचलंच पाहिजे. मी माझं लग्नाच्या गडबडीआधीच पाठवून दिलं.