आरोग्य अहवालाचा सारांश कसा लिहावा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या महाराष्ट्राच्या तक्त्यात दोन फेऱ्यांचे आकडे शेजारीशेजारी असतात: २०१५-१६ आणि २०१९-२१. त्यांतील बालकांच्या दोन ओळी पाहू.

वयाच्या मानाने उंची कमी असलेली, पाच वर्षांखालील बालके ३४.४ टक्के होती, ती ३५.२ टक्के झाली. सर्वेक्षण निवडक घरांचे असते. घरे बदलली तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून ‘वाढ झाली’ न लिहिता ‘स्थिती जवळपास तशीच राहिली’ असे लिहावे.

सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांतील रक्तक्षय मात्र ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला. हा बदल मोठा, म्हणून सारांशाचे पहिले वाक्य याचेच. पण ‘१५ टक्के वाढ’ लिहिणे चूक. १५.१ ही दोन टक्केवारींची वजाबाकी आहे, मूळ ५३.८ च्या तुलनेत वाढ सुमारे २८ टक्के भरते. त्यापेक्षा सरळ लिहावे: ‘आधी शंभरातील ५४ बालकांना रक्तक्षय होता, नंतरच्या फेरीत ६९ बालकांना आढळला.’ तो का वाढला, हे या तक्त्यात नाही. सारांशातही कारण जोडू नये.

आणि आकडा राज्याचा आहे. ‘सीवूड्समध्येही शंभरात ६९’ असे त्यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी इथल्या बालकांचे रक्तच तपासावे लागेल.