सुताची घट आणि मेहताजींची इज्जत

मजुरीवर कापड विणून घेण्याच्या धंद्यात सूत व्यापाऱ्याचे असते, माग दुसऱ्याचा असतो, आणि दोघांच्या मध्ये चलान लिहिणारा मेहता असतो. सूत कमी भरले की पहिला शक मेहतावर जातो. सन १९९४ मध्ये भिवंडीत एका पेढीवर आम्ही हेच काम करीत होतो, तेव्हा हा प्रसंग आमच्यावरच आला.

बाण्यासाठी ३० नंबरचे ३२५ किलो सूत आम्ही एका मागवाल्याकडे पाठवले होते. त्यातून १०० मीटरचे ६० ताके आले. सेठजींच्या हिशेबाने कापडात ३०७ किलो सूत गेले, ६ किलो वेस्टेज धरले, म्हणजे १२ किलो परत यायला हवे होते. मागवाला म्हणाला, "माझ्याकडे एक कोनही शिल्लक नाही." चार दिवसांत चहाच्या हॉटेलात बोलणे सुरू झाले की मेहताने चलानावर ३२५ लिहिले आणि पाठवले ३१३.

सेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "जाऊ दे बेटा, मी माफ केले. पुढे सांभाळ." खरी घसरण्याची जागा हीच असते. माफी घेतली की चोरी कबूल झाली. हजरत यूसुफ (अ.) यांना बादशहाने कैदेतून बोलावले, तेव्हा त्यांनी बाहेर येण्याआधी त्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी करायला सांगितले, हे आम्हाला त्या वेळी आठवले. आम्ही म्हटले, "सेठजी, माफी नको, हिशेब करू. तो होईपर्यंत गोदामाची चावी आणि चलानबुक तुमच्याकडे ठेवा." चावी स्वतःहून देण्याचा फायदा असा की नंतर कोणी म्हणू शकत नाही की मधल्या दिवसांत माल भरून काढला किंवा वही बदलली. कसम आम्ही खाल्ली नाही. कसम चोरही खातो. नोकरीही सोडली नाही, कारण सोडून गेलेल्या माणसाचा हिशेब कोणी करीत नाही.

आता हिशेब पाहा. एका मीटरला बाण्याचे सूत किती ग्रॅम लागते, हे काढायला एका इंचातील पिक गुणिले फणीतील रुंदी (इंचात) गुणिले ०.५९ करावे आणि सुताच्या नंबराने भागावे. रुंदी फणीतली घ्यायची, तयार कापडाची नाही. कापड आत ओढले जाते आणि तिथेच पुष्कळ लोक चुकतात. आमचे कापड ५२ पिकचे ठरले होते, फणीत ५० इंच. म्हणजे मीटरला सुमारे ५१.१ ग्रॅम, आणि ६,००० मीटरला ३०७ किलो. सेठजींचे गणित बरोबर होते. पण ५२ पिक ही ऑर्डरमधली गोष्ट होती, कापडात किती आहेत ते कोणी मोजलेच नव्हते.

सेठजी, मागवाला आणि शेजारच्या पेढीचे एक बुजुर्ग व्यापारी यांच्यासमोर दहा ताके काढले. मागावर ताणलेल्या कापडात नव्हे, उतरलेल्या ताक्यातच मोजावे. प्रत्येक ताक्यात तीन ठिकाणी, किनार सोडून, पिक ग्लास ठेवला. मोजणी बुजुर्गांनी केली, आम्ही हात लावला नाही. जवळजवळ सगळीकडे ५४ आले. दोन पिक म्हणजे मीटरला सुमारे २ ग्रॅम, आणि ६,००० मीटरला १२ किलोला थोडे कमी. सूत कापडातच होते! मग मागावर जाऊन पाहिले तर पिकचे चाक ५२ दातांऐवजी ५४ दातांचे बसले होते. आधीच्या मालासाठी लावलेले चाक कारागिराने बदलले नव्हते.

ताका तोलूनही अंदाज येतो, ताक्यामागे २०० ग्रॅम फरक दिसला असता. पण ताण्याला लावलेली कांजी आणि हवेतला ओलावा यांनी वजन हलते, म्हणून वजनावरून कोणी मानत नाही. पिक मोजलेले मान्य करावेच लागतात.

पिक ५२ च निघाले असते तर? मग सूत देताना कागदी कोनांचे वजन वजा केले होते का, ते पाहावे लागले असते, आणि त्यानंतर चलानावरची सही. तिथेही काही न सापडते तर सूत खरोखरच गेले असते, आणि हमालापासून टेम्पोवाल्यापर्यंत सर्वांना विचारणे भाग पडले असते. आम्ही त्यासाठीही तयार होतो.

मोजणीचे आकडे एका कागदावर तारखेसह लिहून चौघांनी सह्या केल्या. एक प्रत आम्ही ठेवली. मग सेठजींना एकच विनंती केली, की बोलणे जिथे झाले तिथेच हे सांगावे. ते दुसऱ्या दिवशी असरच्या नमाजनंतर आमच्याबरोबर त्याच हॉटेलात आले, त्याच दोघांना बोलावले आणि कागद वाचून दाखवला. चहाचे पैसे मागवाल्याने दिले.

चावी परत मिळाल्यावर आम्ही चलानबुकात दोन खाने वाढवले: एक रिकाम्या कोनांच्या वजनाचा आणि दुसरा पहिल्या ताक्यात मोजलेल्या पिकचा. आज आमच्या स्वतःच्या पेढीवरही ते दोन खाने भरल्याशिवाय दुसरा ताका उतरवून घेत नाहीत.