एकरी बियाणे किती? सोयाबीनच्या पेरणीचे गणित

माळव्याच्या काळ्या जमिनीत खरिपाचे प्रमुख पीक सोयाबीन होय. या पिकाच्या अभ्यासासाठी १९८७ साली इंदूर येथे एक राष्ट्रीय संशोधन केंद्रही स्थापन झाले. मृग-आर्द्रांच्या सुमारास आपल्या परिसरातील शेतकरी पेरणीच्या तयारीस लागतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न असतो तो एकराला किती बी लागेल हा. ‘तीस-बत्तीस किलो’ असे ठोकळ उत्तर बहुधा मिळते. परंतु शेताला किलो ठाऊक नसतात. शेताला रोपे हवी असतात. म्हणून हिशेबाचा आरंभ वजनापासून न करता रोपांच्या संख्येपासून करावयास हवा.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, सांवेरकडील एका शेतकऱ्यास एक एकर सोयाबीन पेरावयाचे आहे. बी गतवर्षी घरीच राखलेले आहे. दोन ओळींतील अंतर ४५ सेंटिमीटर, म्हणजे जुन्या मापाने सुमारे एक हात, आणि एका ओळीतील दोन रोपांतील अंतर ५ सेंटिमीटर ठेवावयाचे आहे. बिघ्याचे माप गावोगाव बदलते, म्हणून आपण एकरच धरू. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर.

प्रथम ओळींची एकूण लांबी काढू. ४,०४७ ला ०.४५ ने भागले असता ८,९९३ मीटर येतात. एका एकरातील सर्व ओळी एकापुढे एक मांडल्या, तर जवळजवळ नऊ किलोमीटरांची एकच ओळ होईल. रोपे ५ सेंटिमीटरांवर असल्यामुळे प्रत्येक मीटरला २० रोपे बसतात. म्हणून एकरात सुमारे १,८०,००० रोपे हवीत.

आता या संख्येचे वजनात रूपांतर करावयाचे. येथे बियाचा आकार महत्त्वाचा ठरतो. वाणावाणांत दाणा लहान-मोठा असतो, आणि एकाच वाणाचा दाणादेखील पाऊसमान चांगले असता टपोरा व उघडीप पडली असता बारीक होतो. म्हणून पुस्तकातील आकडा न घेता आपल्याच पोत्यातील १,००० दाणे मोजून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावेत. आपल्या शेतकऱ्याचे हजार दाणे १२० ग्रॅम भरले असे मानू. तर १,८०,००० दाण्यांचे वजन २१.६ किलो होईल. दाणा टपोरा असून हजारी वजन १५० ग्रॅम असते, तर तेवढ्याच दाण्यांस २७ किलो लागले असते.

परंतु प्रत्येक दाणा उगवत नाही. सोयाबीनच्या बियाचे कवच फार पातळ असते आणि अंकुर त्याच्या अगदी लगत असतो. मळणी यंत्र वेगाने फिरले, पोती उंचावरून आपटली किंवा थप्पी फार उंच रचली, की दाणा वरून धड दिसतो, पण आतून मेलेला असतो. याकरिता पेरणीपूर्वी उगवणशक्ती तपासणे आवश्यक आहे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळावा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ओलसर ठेवावी. पाच दिवसांनी मोजणी सुरू करून आठव्या दिवशी ती संपवावी. दाणा फुगला किंवा मोड डोकावला एवढ्याने तो उगवला असे धरू नये. मूळ, सरळ देठ आणि धड दले असलेली रोपेच मोजावीत. दाणे निवडून घेणे हा स्वतःस फसविण्याचा प्रकार होय. ते पोत्याच्या वरून, मधून व खालून जसे हाती येतील तसे घ्यावेत. शंभरांच्या एकाच चाचणीत केवळ योगायोगाने आठ-नऊचा फरक पडू शकतो, म्हणून अशा चार गुंडाळ्या करून सरासरी काढावी.

समजा, चार गुंडाळ्यांत अनुक्रमे ७३, ६८, ७१ आणि ६८ रोपे निघाली. सरासरी ७० आली. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण एवढीच मानलेली आहे. आता पुष्कळांची चूक होते ती येथे. ‘३० टक्के बी मेलेले आहे, तेव्हा ३० टक्के अधिक घ्यावे’ असे म्हणून ते २१.६ किलोंत ३० टक्के मिळवितात आणि २८.१ किलो घेतात. पण जे वाढविले त्यातीलही ३० टक्के मेलेलेच असते! २८.१ किलोंपैकी जिवंत बी १९.७ किलोच भरते आणि एकरात सुमारे १६,००० रोपे कमी पडतात. मिळवणी नव्हे, भागाकार करावयाचा: २१.६ ला ०.७० ने भागले असता ३०.९ किलो येतात. ताळा सोपा आहे; ३०.९ चे ७० टक्के पुन्हा २१.६ होतात.

तरीही गोणपाट म्हणजे शेत नव्हे. सोयाबीनची दले जमिनीतून वर यावी लागतात. बी तीन-चार सेंटिमीटरांहून खोल गेले, किंवा पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन वर ऊन पडले आणि मातीवर पापुद्रा धरला, तर वर येऊ पाहणाऱ्या कोवळ्या रोपाची मान आतच मोडते. चाचणीत उगवणाऱ्या दर दहांपैकी एक दाणा असा वाया जाईल असे धरल्यास ३०.९ ला पुन्हा ०.९० ने भागावे लागेल, उत्तर ३४.३ किलो.

हा भागाकार कितीही खाली नेता येतो असे मात्र नाही. उगवण ४० टक्क्यांवर आली, तर कागदावर ६० किलो बी हिशेब पुरा करील. परंतु अशा बियातील जिवंत दाणेही बहुधा दुबळे असतात आणि ओल थोडी कमी-अधिक होताच तेही दगा देतात. असे बी पेरणीतून काढून टाकणेच इष्ट. पेरणी फसली तर बियाणे पुन्हा मिळविता येते, पण वाया गेलेला पंधरवडा मिळत नाही.

आता हे ३४.३ किलो नेमके पडतात की नाही, हे पेरणी यंत्र जमिनीत घालण्यापूर्वीच पाहता येते. नऊ किलोमीटरांच्या ओळीस ३४.३ किलो, म्हणजे १०० मीटरांस सुमारे ३८१ ग्रॅम. यंत्राच्या एका नळीस पिशवी बांधून ते १०० मीटर चालवावे आणि पिशवीतील बी तोलावे. कमी-अधिक भरल्यास यंत्र त्याप्रमाणे लावावे. हीच परीक्षा प्रत्येक नळीची घ्यावी. एक नळी तुंबली, तर बियाणे वाचल्याचे समाधान वाटते आणि शेतात पूर्ण ओळ मोकळी राहते.

विद्यार्थ्यांनी शेवटी एवढे गणित स्वतः करून पाहावे. ओळींतील अंतर ३० सेंटिमीटर आणि रोपांतील अंतर साडेसात सेंटिमीटर ठेवले, तर बियाणे किती लागेल? ओळींची लांबी वाढून साडेतेरा किलोमीटर होते, पण रोपे तेवढीच, १,८०,००० च राहतात. बियाणेही तेच, ३४.३ किलो. बदलते ते पिशवीतील वजन: १०० मीटरांस ३८१ ऐवजी २५४ ग्रॅम. यंत्र पूर्वीच्याच मापावर ठेवून ओळी जवळ आणल्या, तर एकरात ५१ किलोंहून अधिक बी पडेल, रोपे दाटीने उंच व लवचीक वाढतील आणि श्रावणाच्या वाऱ्यापावसात लोळतील.