दुकानातला माल विकला की नुसता ठेवला? जांगड मालाचा मार्चअखेरचा हिशोब

तायांनो, मार्चअखेरचे हिशोब तपासताना गेल्या वर्षी एका गटात मी अडखळले. वहीत मसाल्याचा नफा ५,४०० रुपये दिसत होता. दहाजणींनी प्रत्येकी ५४० रुपये वाटून घ्यायचंही ठरवलं होतं. पण पेटीत तेवढे पैसे नव्हते. अध्यक्षताई म्हणाल्या, "अगं, दुकानदाराकडे येणं आहे ना!" मी विचारलं, "त्याने माल विकत घेतलाय का?" तर म्हणाल्या, "नाही, खपला तर पैसे, नाही तर परत."

अशा मालाला बाजारात जांगड म्हणतात. जांगड दिलेला माल दुकानदाराच्या फळीवर असला तरी आपलाच असतो. तो खपेपर्यंत किंवा दुकानदार "मी ठेवून घेतला" म्हणेपर्यंत ती विक्री नाही. गटाने मात्र माल दिला त्याच दिवशी विक्री लिहून टाकली होती.

हिशोब असा होता. गटाने वर्षभरात ३०० पाकिटं केली. मिरची, धणे, कांडप, पाकीट, लेबल सगळं धरून एक पाकीट ६० रुपयांना पडलं, म्हणजे एकूण खर्च १८,०००. भाव ८० रुपये. १५० पाकिटं रोखीने गेली, त्याचे १२,००० आले. १२ मार्चला १२० पाकिटं तालुक्याच्या दुकानात जांगड दिली आणि ९,६०० रुपये विक्री लिहिली. घरी ३० पाकिटं उरली, त्यांची किंमत १,८००. विक्री २१,६०० आणि शिल्लक माल १,८०० मिळून २३,४००. त्यातून खर्च वजा केला की ५,४००. बेरीज-वजाबाकी बरोबर होती, चूक वेगळीच होती.

३१ मार्चला आम्ही दुकानात जाऊन पाकिटं मोजली. ७० खपली होती, ५० फळीवर होती. या ५० पाकिटांसाठी वहीत दोन दुरुस्त्या केल्या.

पहिली, विक्रीतून ५० पाकिटांचे ८० च्या भावाने ४,००० रुपये कमी केले. दुकानदाराच्या नावावरचं येणंही तेवढंच कमी केलं. विक्री राहिली १७,६००.

दुसरी, हीच ५० पाकिटं आपल्या शिल्लक मालात धरली, पण ६० च्या भावाने, म्हणजे ३,०००. घरचे १,८०० मिळवून शिल्लक माल ४,८०० झाला.

आता १७,६०० अधिक ४,८००, वजा १८,०००. नफा ४,४००. ताळा बघायचा तर सोपं आहे. खरोखर २२० पाकिटं विकली गेली, पाकिटामागे २० रुपये सुटतात, म्हणजे ४,४००. वाटा ५४० नाही, ४४०.

दुरुस्ती करताना चुका दोनच होतात. विक्री कमी केली आणि माल शिल्लकेत धरायचा राहिला, तर नफा १,४०० वर येतो आणि सगळ्याजणी घाबरतात. नाही तर शिल्लक माल ८० च्या भावाने धरला जातो. मग नफा पुन्हा ५,४०० च येतो. एवढी खाडाखोड करून आकडा हललाच नाही, तर समजायचं की न विकलेल्या मालावर नफा धरलाय. पाकिटं जुनी होऊन ४० रुपयांनाच जाणार असतील, तर मात्र ६० सुद्धा धरू नका, ४० धरा.

आता मुदतीचं. या गटाने महिनाभराची मुदत दिली होती, म्हणून ३१ मार्चला माल आपलाच होता. हीच पाकिटं १ फेब्रुवारीला दिली असती आणि महिना उलटूनही दुकानदाराने काही कळवलं नसतं, तर १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे ती विक्री झाली असती. मग पाकिटं फळीवर दिसली तरी शिल्लकेत धरायची नाहीत, पैसे येणं म्हणून ठेवायचे. मुदतच ठरलेली नसेल तर कायदा "वाजवी वेळ" म्हणतो, आणि वाजवी म्हणजे किती यावरच भांडण होतं. म्हणून माल देताना चिठ्ठीवर तारीख, पाकिटं, भाव आणि परत करायची मुदत लिहून दुकानदाराची सही घ्या. ओळखीचा असला तरी घ्या. ३१ मार्चच्या मोजणीवरही घ्या, फोनवरचा आकडा धरू नका.

जांगड मालाला वेगळी वही केलीत तर ही खाडाखोडच लागत नाही. दिला, खपला, परत आला, उरला, एवढे चार रकाने पुरतात. विक्रीच्या वहीत फक्त खपलेला आकडा चढवायचा.

त्या गटाच्या ५० पाकिटांपैकी एप्रिलमध्ये ३५ खपली, १५ परत आली. ३५ ची २,८०० रुपये विक्री नव्या वर्षात लिहिली. १५ पाकिटं नुसती दुकानातून घरी आली, त्यांची विक्री धरलेलीच नव्हती, म्हणून विक्रीतून काही वजा करावं लागलं नाही.